‘डेटा आर’ आणि अवतरणांतली वाक्यं

माझा धंदा बसून करायचा, आणि मला बसवत नाही. नवीन पनवेलच्या आमच्या घरात मी लोकांचे इंग्रजी प्रबंध तपासते. पीएच.डी.चे. म्हणजे विषय त्यांचा, संशोधन त्यांचं, कपाळावरच्या आठ्याही त्यांच्याच. मी फक्त भाषा बघायची. पण दोन पानं झाली की मी उठते, गॅसवर काहीतरी ठेवते, गॅलरीत जाते, परत येते. शेवटी लॅपटॉप ओट्यावर पिठाच्या डब्यावर ठेवून उभ्यानंच तपासते. नवरा म्हणतो, ‘‘तुझ्या पायाला भिंगरी आहे, आणि जिभेलाही.’’

जिभेचं खरं आहे. कुणी ‘धिस क्रायटेरिया’ म्हटलं की माझ्या तोंडून ‘एकच असेल तर क्रायटेरियन!’ निघून जातं. समोर कोण आहे ते मी बघत नाही. एकदा डॉक्टरांना म्हटलं होतं, ते माझा रक्तदाब मोजत असताना. त्यांनी परत मोजला.

नवरा आमच्या सोसायटीचा सचिव. त्याच्याशी तर माझं रोजचं. एकदा सभेची नोटीस लिहिताना त्यानं मुद्दाम हाक मारून विचारलं, ‘‘बाईसाहेब, अजेंडा इज की अजेंडा आर?’’

‘‘इज. मूळ शब्द अनेकवचनीच, पण आता इंग्रजीत एकवचनी म्हणूनच रुळलाय. अजेंडम कुणी म्हणत नाही.’’

‘‘मग डेटा पण रुळलाय की. मोबाइलचा डेटा संपला म्हणतो आपण, संपले नाही म्हणत. त्यानं काय घोडं मारलंय?’’

आता बघा, माणूस बरोबर बोलत होता. डेटा हा शब्द मुळात डेटमचं अनेकवचन. म्हणून शास्त्रातली बरीच जुनी मंडळी ‘डेटा आर’ लिहितात. पण पाणी किंवा माहितीसारखा तो एक साठा समजून ‘डेटा इज’ लिहिणारेही तितकेच, आणि त्यांना चूक म्हणायची आज सोय नाही. नियम एवढाच की एका प्रबंधात एकच काहीतरी धरा. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी नवऱ्याला म्हटलं, ‘‘पोहे झाले म्हणता ना? पोहा झाला म्हणता का? तसं आहे ते.’’ आणि विषय संपवला. ‘डेटा आर’ लिहिलं की कसं शिकल्यासारखं वाटतं. खोटं कशाला बोलू, मला तो तोरा आवडायचा.

त्याच सुमारास एक मुलगी माझ्याकडे आली, तिच्या मार्गदर्शक सरांच्या चिठ्ठीसकट. मुलगी म्हणजे चौतिशीची. उरणजवळच्या करंज्याची, कोळ्याच्या घरातली. उरणच्या एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला घरी. प्रबंध होता करंज्याच्या बंदरावर मासळी सुकवणाऱ्या बायकांवर. आई त्यातलीच. तिच्या कॉलेजात कायमची जागा निघणार होती, आणि मुलाखतीच्या आधी पदवीचा कागद हातात हवा होता. तो नसेल तर अर्जच बाद. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, खुर्चीच्या अगदी कडेला बसून.

सरांच्या चिठ्ठीत लाल पेनानं लिहिलं होतं: डेटा इज प्लूरल, करेक्ट थ्रूआउट. मी हसले. म्हटलं, आपल्याच गोत्रातले आहेत.

तिचं इंग्रजी साधं, स्वच्छ होतं. ‘डेटा इज’ मात्र पानोपानी. पहिली दोन प्रकरणं मी एकेक जागा बघत दुरुस्त केली. ‘धिस क्रायटेरिया वॉज’चं ‘धिस क्रायटेरियन वॉज’ केलं. जिथे ‘अ सेट ऑफ डेटा इज’ होतं तिथे क्रियापद ‘सेट’चं, म्हणून ‘इज’च ठेवलं. नीट काम चाललं होतं. पण तिसऱ्या प्रकरणात माझे पाय वळवळायला लागले. घरात पाहुणे यायचे होते, सरांचा तिला रोज फोन, तिचा मला रोज फोन. शेवटी मी प्रत्येक बदल रंगात दाखवणारं ट्रॅक चेंजेस बंद केलं, कारण एवढी मोठी फाइल सारखी अडकत होती. मग शोधा-आणि-बदला उघडलं, ‘डेटा इज’च्या जागी ‘डेटा आर’ टाकलं आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. ‘वॉज’चं ‘वर’, ‘हॅज’चं ‘हॅव’, तेही तसंच. चहाला आधण येण्याच्या आत तीनशे पानं सरळ!

त्यातली पहिली फजिती लगेच समजली. ‘डेटा इश्यूज’मधली पहिली दोन इंग्रजी अक्षरं, आय आणि एस, यंत्रानं ‘इज’ समजून बदलली आणि ‘डेटा आरस्यूज’ असं काहीतरी झालं होतं, खाली लाल नागमोडी रेघ. दोन ठिकाणी होतं. मी एकटीच ओट्याशी हसत सुटले, ते नीट केलं, ‘सेट ऑफ’वालेही शोधून परत जागेवर बसवले, आणि स्वतःवर खूश झाले. बाकीचं एकदा वरवर नजरेखालून घातलं. वरवर. पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

पाठवून दिला. प्रबंध जमा झाला. तिनं मला सुकटीचा डबा आणून दिला आणि प्रस्तावनेत माझे आभार मानले.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी तिचा फोन आला. आवाज असा की मी आधी विचारलं, आई बरी आहे ना?

‘‘मॅडम, बाहेरच्या परीक्षकांचा रिपोर्ट आलाय. मौखिक परीक्षा लावलीय, पण त्यांनी लिहिलंय की मी त्यांच्या नावावर दिलेली तीन अवतरणं त्यांनी लिहिलेलीच नाहीत. मी तर उतरवून घेतली होती. त्यांच्याच लेखातली. आणि म्हणतात, छापील मजकूर असा बदलला असेल तर बायकांच्या मुलाखतींतली वाक्यं तरी खरी कशावरून? समाधान झालं नाही तर शिफारस करणार नाही म्हणून लिहिलंय.’’

‘‘कोणती वाक्यं?’’ मी विचारलं. विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

‘‘तिन्हीत डेटा आहे. त्यांनी इज लिहिलंय, माझ्याकडे आर आहे. मीच टाइप करताना चुकले असणार हो. सर सारखे आर आर म्हणायचे, डोक्यात तेच बसलं असेल. अकरा वर्षं मॅडम, आणि मी एक वाक्य धड उतरवू शकले नाही.’’

मी ‘अगं होतं असं’ म्हटलं. होतं असं! ते शब्द मी म्हटले, मला आजही त्यांची लाज वाटते. फोन ठेवला आणि तिची मूळ फाइल उघडली. तिन्ही वाक्यं तिनं अक्षरशः जशीच्या तशी उतरवली होती. स्वल्पविरामासकट. अवतरणचिन्हांच्या आत दुसऱ्याचं बोलणं असतं. तिथे चूक दिसली तरी हात लावायचा नाही, ही या धंद्यातली पहिली शिकवण. पोरीला ती माहीत होती. मला माहीत नव्हती काय? पण यंत्राला अवतरण कळत नाही, आणि मी यंत्रावर सोडून चहा गाळत होते.

तिला लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. तीन दिवस केला नाही. सरांकडून वर्षाला चार-पाच प्रबंध माझ्याकडे यायचे, सगळ्या विभागात माझं नाव ‘कडक पण चोख’. ते जाणार. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठं म्हणजे माझं तोंड. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेलं तोंड. पहिल्या दिवशी मी मसाल्याचे सगळे डबे घासले. दुसऱ्या दिवशी चालायला म्हणून निघाले ती कळंबोली ओलांडून पार रोडपालीला पोचले, पाय भरून आले तेव्हा रिक्षानं परत. नवऱ्यानं विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, उन्हानं डोकं चढलंय. तिसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता चिडवेल. पोह्यांवरून तरी बोलेल. त्यानं वाटीत आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, ‘‘उद्या सकाळची उरणची गाडी कितीची आहे, बघ.’’

कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरांच्या रांगांमुळे ती गाडी उरणला उशिराच पोचली. पुढे रिक्षानं करंजा. तिचं घर बंदराच्या अंगाला, दारात बांबूंवर बोंबील टांगलेले. मुलगी आत जमिनीवर, चहूबाजूंनी झेरॉक्स पसरून बसली होती. प्रबंधातलं प्रत्येक अवतरण मूळ पुस्तकाशी ताडून बघत होती. एकटीच. डोळे सुजलेले. मी उंबऱ्यावरच उभी राहिले आणि म्हटलं, ‘‘तू चुकली नाहीस. मी चुकलेय. एका बटणानं सगळीकडचं बदललं, अवतरणांतलंही.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘‘तुम्हाला केव्हा कळलं?’’

‘‘तुझा फोन आला तेव्हाच.’’

‘‘तीन दिवस झाले मॅडम!’’ ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ‘‘तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय. जेवले नाहीये मी. आईला वाटतंय मी वेडी झाले. तुम्ही आभारात पहिल्या पानावर आहात माझ्या!’’

तिचा राग रास्त होता आणि मी तो ऐकून घेतला. मला ऐकून घ्यायची सवय नाही, पण घेतला. मग तिनंच चटई सरकवली आणि म्हणाली, ‘‘बसा. यादी करू.’’

आम्ही दोघी दुपारपर्यंत बसलो. मी, जिला बसवत नाही, ती. मूळ फाइल आणि जमा केलेली प्रत शेजारी शेजारी ठेवून ‘डेटा’जवळचा एकेक फरक बघितला. अवतरणांच्या आत बदललेल्या एकोणीस जागा निघाल्या. तीन परीक्षकांच्या, बाकी इतर लेखकांच्या. प्रत्येकाचा पानक्रमांक, मूळ शब्द, बदललेला शब्द. सोबत माझं पत्र, सहीसकट.

मध्येच सरांचा फोन आला. तिनं स्पीकरवर ठेवला. सर म्हणाले, ‘‘पत्रबित्र काढू नका. एडिटरनं बदललं म्हटलं की विचारतील, आणखी काय काय तिनं लिहिलं? प्रबंध तुझा की तिचा? सरळ म्हणायचं, टायपिंग मिस्टेक. विषय संपतो.’’

सरांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. तीच तर खरी भीती होती. मुलीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘तू म्हणशील ते.’’ मनात मात्र, ऐका, मनात मी म्हणत होते की सर म्हणतात तसंच कर. मी सुटेन.

तेवढ्यात तिची आई बाहेरून आत आली. ओच्याला हात पुसत लेकीला म्हणाली, ‘‘मासली आलीय. मी जाताव. तुमी जेवा.’’ आणि गेलीसुद्धा.

मी तशीच थबकले. आली. एवढ्या टोपल्या, एवढे मासे, आणि तिच्या तोंडी ‘आली’. मला एक पान आठवलं. मी ते शोधून काढलं, मुलाखतींच्या प्रकरणातलं. प्रतिसादक क्रमांक चौदा. मुलीनं आपल्या इंग्रजीत लिहिलं होतं, व्हेन द फिश हॅज कम, वी गेट अप. आणि मी? मी ‘हॅज’ खोडून ‘हॅव’ केलं होतं. हे यंत्रानं नव्हतं केलं. हे मी, चष्मा लावून, हातानं केलं होतं. म्हटलं, टोपलीभर मासे आहेत, एकवचन कसलं?

‘‘हॅज मी मुद्दाम ठेवलं होतं,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मासे म्हणजे मोजायचे. मासळी म्हणजे... येते ती एकच. सगळ्या घराला उठवते. मला वाटलं, तुम्ही केलंय म्हणजे तेच बरोबर असेल.’’

मी यादीत विसावी ओळ लिहिली. 

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही बसू शकतं. मी मागच्या रांगेत बसले. शेजारी तिची आई, नवं लुगडं, मोगऱ्याचा गजरा, मांडीवर पिशवी. परीक्षक उंच, हडकुळे, आवाज मऊ. त्यांनी सगळं आधी इंग्रजीत नीट विचारलं, पद्धत, निवडीचे निकष, बायकांनी मुलाखतीला वेळ कसा दिला. मुलगी छान बोलत होती. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘‘माझी वाक्यं कुणी बदलली?’’

सर खाली बघत होते. मुलीनं फाइलमधून कागद काढले. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते.

‘‘सर, मी बरोबर उतरवली होती. भाषा तपासताना सगळीकडचं एकदम बदललं गेलं, अवतरणांतलंही. शेवटची प्रत मी वाचली, मला दिसलं नाही. प्रबंधावर नाव माझं आहे, म्हणून चूक माझी. ही यादी. वीस जागा आहेत. ज्यांनी तपासलं त्यांचं पत्र आहे, आणि त्या मागे बसल्यात.’’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले. नमस्कार केला, दुसरं काय सुचणार? परीक्षकांनी मानेनंच बसा म्हटलं आणि यादी वाचू लागले. बराच वेळ वाचत होते. पंखा गरगरत होता. मुलीची आई माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘ते रागावलेत का?’’ मी म्हटलं, ‘‘वाचतायत.’’

‘‘एकोणीस जागा छापील मजकुरातल्या,’’ ते शेवटी मराठीत म्हणाले. ‘‘ही विसावी कुठली? ही तर मी विचारलीच नव्हती.’’

‘‘मुलाखतीतली आहे, सर. तीही बदलली गेली होती. तुम्ही विचारलं होतं, बायकांची वाक्यं खरी कशावरून. म्हणून घातली.’’

‘‘मूळ काय होतं? मराठीत सांगा.’’

मुलीनं मुलाखतींची वही उघडली. पान सापडेना. तीन दिवस न जेवता तिनं एकेक अवतरण ताडलं होतं, आणि आता हे एक पान सापडेना. कागद पडले. आणि माझ्या शेजारून आई उठून उभी राहिली, पिशवी छातीशी धरून, आणि लिलावात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘ती मीच. मी बोलली होती. मासली आली का आमी उठतो, मासली सरली का बसतो. मधी घड्याल नाय.’’

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी पेन उचललं, ते वाक्य यादीच्या समासात मराठीत लिहून घेतलं. मग मुलीला म्हणाले, ‘‘माझी तीन नंतर करा. हे आधी परत ठेवा.’’ वीस जागा दुरुस्त करून पंधरा दिवसांत प्रत द्यायची आणि पदवीची शिफारस आजच, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. मुलगी उभ्या उभ्या रडायला लागली. सर टाळ्या वाजवत होते. त्यांनी त्यानंतर माझ्याकडे एकही प्रबंध पाठवला नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आई खाली बसली. गजरा नीट केला. मला विचारलं, ‘‘आता बरोबर लिवतील ना?’’

‘‘लिहितील,’’ मी म्हटलं. ‘‘मी हात लावणार नाही.’’